पंचेचाळीस मीटरची धावपट्टी

मी एकदा सायकलच्या कॅरिअरवर बसून आकाशात उडण्याची वाट पाहिली होती. तेव्हा माझं वय साठीच्या आसपास होतं, अंगावर इस्त्रीची सुती साडी होती आणि पदरी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होती. सायकल माझा मुलगा चालवत होता. नात मोबाइलमधलं घड्याळ धरून हातपंपाजवळ उभी होती आणि ओरडत होती, "आजी, उडाली का?"

मी उडाले नाही. पण ही गोष्ट सायकलच्या थोडं आधीपासून सांगायला हवी.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे त्या काळच्या माझ्याबद्दल. ती बाई आता मला फार गंमतशीर वाटते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात तिने आयुष्यभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. तिचं टोपणनाव 'पॉइंटवाल्या मॅडम'. आपल्या पाठीमागे पोरं असं म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि वाईट वाटण्याऐवजी ती मनातून फुलायची. १९९९ च्या वर्गात फळ्यावर 45 आणि 45.0 असं शेजारी शेजारी लिहून ती विचारायची, "यात फरक काय?" पोरं म्हणायची, काहीच नाही. मग ती चष्मा नाकावर सरकवून, एखादं गुपित फोडावं तसं सांगायची, "पहिल्या माणसाने अंदाजे मोजलं. दुसऱ्याने मीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजलं. त्या शून्याला रिकामा समजू नका. आणि त्या पॉइंटला तर मुळीच नाही. जे लिहिलंय तेच वाचायचं. आपल्या मनाचं घालायचं नाही." हे बोलताना ती खडू असा वर धरायची, जणू आता घंटा वाजली की वर्ग उठून तिची आरती करणार आहे.

घंटा वाजायची आणि वर्ग पळून जायचा.

निवृत्तीनंतर ती बाई, म्हणजे मी, मुलाकडे गोंदियाजवळच्या बिरसीला राहायला आले. आमचं शेत विमानतळाच्या बाजूला. तिथे विमान चालवायला शिकवणारी शाळा आहे, त्यामुळे धानाच्या बांधीत चिखलात उभं राहून मान वर केली की डोक्यावरून एक छोटं विमान गोल गोल फिरताना दिसतं. उतरतं, टेकतं, पुन्हा पळतं, पुन्हा उडतं. पाहुण्यांना मोठी मौज वाटते. आम्हाला ते कोंबड्यांइतकंच सवयीचं.

नात तेव्हा बारावीत होती. गोंदियात एक सर होते, त्यांचा क्लास नावाजलेला. लांबच्या पोरांसाठी त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला होता. सर कागदावर गणितं लिहायचे, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. पोरं वहीत सोडवायची, त्याचा फोटो काढून पाठवायची. सर त्या फोटोवर लाल खूण करून परत धाडायचे. सगळं शिक्षण फोटोचं.

कल्पना म्हणून छान. पण फोटो गोंदियाहून बिरसीला येईपर्यंत दाबून दाबून इतका लहान झालेला असायचा की अक्षरं सुजलेली दिसायची. एकदा सरांनी वस्तूचं वस्तुमान 12 g दिलं होतं. g ची शेपटी कागदाच्या घडीत गेली आणि नातीने 129 वाचलं. एकदा 30 s मधला s इतका टोकदार निघाला की तीस सेकंदांचे तीनशे पाच झाले. कपॅसिटरच्या गणितात तर मायक्रोचं µ होतं की मिलिचा m, यावर तिने दुपार घालवली. दोन्हींत हजारपटीचा फरक, आणि सर लग्नाला गेलेले, फोन उचलेनात.

"आजी, मले कंटाळा आला फोटोवरून शिकायचा," ती म्हणायची. "पोरी फळ्यासमोर बसून शिकतात. समजलं नाही तर विचारतात. मी कोणाले विचारू? मोबाइलच्या काचेले?"

"मला विचार की."

"तुले विचारलं की तू १९९९ पासून सुरू करते."

हे खरं होतं.

त्या वर्षी सरांनी जाहीर केलं की ग्रुपवरच्या पोरांची एक परीक्षा होईल. ठरवलेले गुण मिळवेल त्याला क्लासच्या खास तुकडीत जागा. रोज गोंदियात, बाकावर, फळ्यासमोर. नातीने बापाकडून वदवून घेतलं. माझा मुलगा मितभाषी. तो म्हणाला, "नंबर लागला तर मी रोज सकाळी स्टँडवर सोडीन. नाही लागला तर मोबाइलच बरा. उगाच इकडं तिकडं धावायचं नाई." सौदा पक्का.

परीक्षा रविवारी सकाळी होती. ठरलेल्या वेळी ग्रुपवर दोन फोटो आले. कागद लांब होता, एका फोटोत मावला नव्हता, म्हणून वरचा भाग एकात आणि खालचा दुसऱ्यात. नात ओसरीवर बसून सोडवत होती. मी मदत करायची नाही असा तिचा हुकूम होता, म्हणून मी अंगणात लाखोरीची डाळ निवडायला बसले आणि तिच्या कपाळाकडे बघत राहिले. कपाळावर आठी आली की मला गणित ओळखता येतं. एका ठिकाणी आठी आली, बराच वेळ राहिली आणि मग ती एकदम हसली. मला ते हसू फार खटकलं. परीक्षेत हसतात का?

दुपारी गुण आले. ठरलेल्या गुणांपेक्षा एका प्रश्नाचे कमी.

तिने मोबाइल उशीखाली ठेवला आणि पंप सुरू करायला शेतात जाते म्हणाली. पंप तर वीज नसल्याने बंदच होता.

मी उशी उचलली. आजीला तेवढा हक्क असतो. चुकलेला प्रश्न वाचला. इंग्रजीत होता, त्याचा अर्थ साधारण असा: एक छोटं विमान स्थिर अवस्थेतून निघतं, त्वरण एकसारखं आहे, धावपट्टीवर 45.0 m अंतर कापून 30 s मध्ये जमीन सोडतं. जमीन सोडताना त्याचा वेग किती?

माझ्या जिभेवर उत्तर आधीच आलं होतं. सरासरी वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, दीड मीटर दर सेकंदाला. निघताना वेग शून्य असल्याने शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट. तीन मीटर दर सेकंद. आणि वेळ दोन सार्थ अंकांत दिलाय म्हणून उत्तर लिहायचं 3.0. वा. काय नेमका माणूस आहे, मी मनात म्हटलं. 45.0. आजकाल कोण लिहितं असं.

नातीने लिहिलं होतं 30. आणि खाली, मराठीत: 'विमान सायकलीच्या वेगाने उडत नाही. हा पॉइंट खोटा आहे.' सरांनी त्यावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, 'दिलेलं गणित सोडवा.'

ती परतल्यावर मी पॉइंटवाल्या मॅडमच्या आवाजात सुरू केलं. "बरोबर केलं सरांनी. जे लिहिलंय तेच वाचायचं. पॉइंट म्हणजे काय रस्त्यावरचा खडा आहे, बाजूला सारायला? ज्या माणसाने 45.0 लिहिलं त्याने—"

"मीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजलं," ती म्हणाली. "ऐकलं आहे. पण आजी, विमान असं उडते का?"

"गणितातलं विमान उडतं."

"तू रोज पाहते तरी."

"रोज पाहते म्हणून काय झालं?"

 मग तिच्या चेहऱ्यावर तेच सकाळचं हसू आलं. अंगणात जाऊन तिने बापाला हाक मारली. "बाबा, सायकल काढा. आजीले उडवायचं आहे."

माझा मुलगा बोलत कमी असला तरी असल्या कामाला नाही म्हणत नाही. त्याने सायकल भिंतीपासून काढली, कॅरिअर फडक्याने पुसला आणि म्हणाला, "माय, बस. पाय चाकात घालू नको."

"मी कायले बसू?"

"कारण विमान तू आहेस," नात म्हणाली.

तिने बापाचा शेत मोजायचा टेप आणला आणि हातपंपापासून गल्लीच्या टोकाकडे पंचेचाळीस मीटर मोजले. ते अंतर शेजारच्यांच्या गोठ्यापाशी संपलं. गोठ्याच्या दारात तिने वीट ठेवली. तेवढ्यात शेजारच्या दोघीतिघी धुणं सोडून आल्या. "काऊन बाई, कुठं निघाल्या?" एकीने विचारलं.

"वर," मी म्हटलं. काय सांगणार?

"तीस सेकंद लागले पाहिजेत," नात बापाला सांगत होती. "निघताना अगदी हळू. मग जरासं, मग जरासं. विटेपाशी जोरात."

"जोरात म्हणजे किती?"

"बाजारातून डाळ घेऊन येता तेवढं."

निघालो. मी दोन्ही हातांनी सीट धरली होती. सुरुवातीला सायकल इतकी हळू की हँडल डुगडुगत होतं आणि मुलाला एक पाय जमिनीला टेकत टेकत जावं लागत होतं. आमच्या बाजूने एक कोंबडी चालत होती. ती आमच्या पुढे गेली. पुढे सायकलने जरा जोर धरला, नात हातपंपाजवळून मोबाइलच्या घड्याळातले सेकंद मोठ्याने मोजत होती, वीट आली आणि ती ओरडली, "आजी, उडाली का?"

गल्लीतल्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातातलं धुणं मातीत पडलं. आणि बरोबर त्याच वेळी, कोणी सांगितल्यासारखं, धावपट्टीच्या बाजूने शिकाऊ विमान घोंघावत वर उठलं. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. माझा मुलगा एक पाय टेकवून उभा होता. तो म्हणाला, "माय, ते आपल्यापेक्षा थोडं जोरात गेलं."

कॅरिअरवर बसल्या बसल्या मी हिशेब केला. तीन मीटर दर सेकंद म्हणजे तासाला दहा-अकरा किलोमीटर. डाळ घेऊन येणारी सायकल. पॉइंट काढला तर अंतर 450, सरासरी पंधरा, शेवटचा वेग तीस मीटर दर सेकंद, म्हणजे तासाला एकशे आठ किलोमीटर. एवढ्या लहान विमानाला जमीन सोडायला साजेसा वेग. आणि पंचेचाळीस मीटरची धावपट्टी? ती तर शेजाऱ्यांच्या गोठ्यात संपत होती.

ज्या पॉइंटचं मी तासभरापूर्वी कौतुक केलं होतं तो मला आता कॅरिअरइतकाच बोचू लागला.

"पण सर म्हणतील, गणितात सायकल उडू शकते," मी खाली उतरताना म्हटलं. "विमान कसं उडतं ते पाहून पॉइंट पुसता येत नाही, पोरी. पॉइंट नव्हताच, हे दाखवावं लागेल. दे इकडे फोन."

आता मात्र मला चेव आला. फोटो दोन बोटांनी ताणून ताणून मोठा केला. 4, 5, मग तो ठिपका, मग 0. ठिपका जरा वर बसलेला वाटत होता आणि जरा तांबूस. पण पूर्ण फोटोच पिवळट होता, रंगावर काय विश्वास ठेवायचा? सरांनी बाकी पॉइंट निळ्या शाईने ओळीच्या तळाशी दिले होते, तरी घाईत एखादा वर जातोच. एवढ्याने कोणी गुण देणार नाही. मी दिले नसते. पॉइंटवाल्या मॅडमने तर उलट एक कापला असता.

"दुसरा फोटो बघू," मी म्हटलं.

"त्यात पुढचे प्रश्न आहेत."

"बघू तरी."

दुसऱ्या फोटोच्या अगदी वरच्या कडेला एक कापलेली ओळ होती. वरचा अर्धा भाग फोटोबाहेर गेलेला, खालचा अर्धा आत. कोणी तिकडे पाहिलंच नसेल, कारण तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. नुसते अक्षरांचे पाय. एक सरळ काठी, एक पोट, एक अर्धा गोल, मग m चे तीन पाय.

मी आयुष्यभर अर्धवट पुसलेले फळे वाचले आहेत. आधीच्या तासाच्या बाईंनी इतिहास घाईत पुसला की सनावळ्यांचे पाय खाली उरायचे, त्यावरून मी वर्ष ओळखायचे. काठी म्हणजे 4. पोट म्हणजे 5. अर्धा गोल म्हणजे 0. ही तीच ओळ होती.

"पॉइंट कुठं बसतो?" मी नातीला विचारलं. 

"5 आणि 0 च्या मधात."

"वर की खाली?"

 मग फोन माझ्या हातातून तिने अक्षरशः ओढून घेतला. "खाली. ओळीच्या तळाशी. म्हणजे आजी, बाकी सगळं कापलं तरी पॉइंट राहिला पाहिजे."

"आहे का?"

तिने ताणलं. आणखी ताणलं. 5 चं पोट आणि 0 चा अर्धा गोल यांच्यामध्ये पांढरा कागद होता. स्वच्छ.

"सर म्हणतील, फोटोने खाल्ला," मी म्हटलं.

"मग त्याच्या खालची ओळ बघ," ती म्हणाली. पुढच्या प्रश्नात 0.5 kg होतं. त्यातला पॉइंट निळा, ठसठशीत, तळाशी. या फोटोने पॉइंट खाल्ला नव्हता. पहिल्या फोटोनेच एक जास्तीचा दाखवला होता.

हरकत घ्यायला संध्याकाळपर्यंत वेळ होता. ग्रुपवर फोटो टाकून वाद घालता आला असता. पण फोटोचं भांडण फोटोने मिटत नाही, हे आम्हा दोघींना एव्हाना कळून चुकलं होतं. आम्ही काळी-पिवळी पकडली. गाडीत आमच्या शेजारी एक बाई मांडीवर वांग्यांची टोपली घेऊन बसली होती. नात तिलाही फोटो दाखवू लागली. बाईने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "माशी बसली असंल." यापेक्षा चांगला निष्कर्ष मलाही काढता आला नव्हता.

क्लास एका राईस मिलच्या समोर, पहिल्या मजल्यावर. जिना चढून गेलो. सर टेबलाशी उत्तरं तपासत बसले होते. मला पाहून उभे राहिले, पायाला हात लावला. मी चष्मा पुसला. हा तर माझाच विद्यार्थी. १९९९ च्या तुकडीतला, शेवटच्या बाकावरचा, एकक लिहायला विसरणारा.

"मॅडम, आप? ही तुमची नात? अरे, मला काय माहीत."

"माहीत असतं तर काय केलं असतं?"

"तरी शून्यच दिला असता," तो हसून म्हणाला. "तुम्हीच शिकवलं ना. जे लिहिलंय तेच वाचायचं. आपल्या मनाचं घालायचं नाही. एकदा तुम्ही माझा अर्धा गुण कापला होता, पॉइंट नीट दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, मॅडम, दिसून राहिला ना. तुम्ही म्हणालात, मला दिसत नाही म्हणजे नाही."

नात माझ्याकडे वळून अतिशय प्रेमाने हसली. त्या दिवशीचं तिचं ते तिसरं हसू.

"मला आज नको तो पॉइंट दिसला," मी म्हटलं. "तू दाखव, कुठं आहे तो."

"अहो मॅडम, सगळ्या पोरांनी 3.0 लिहिलं. एकट्या हिनेच 30. आणि वरून सायकलचं काय काय लिहिलं. मी समजलो, मस्करी करून राहिली."

"उत्तर तुम्ही कशावरून काढलं, सर?" नातीने विचारलं. आवाज शांत होता, पण तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, आणि बोट पांढरं पडलं होतं.

"माझ्याच पेपरवरून."

"कागदावरून की फोटोवरून?"

 काल शनिवारी सर सासुरवाडीला गेले होते. कागद इथे क्लासवर राहिला होता. उत्तरं त्यांनी तिथे बसून मोबाइलवरच्या फोटोवरून काढली होती, हे त्यांनी जरा अडखळत सांगितलं. "पण लिहिणारा मीच ना. मी 45.0 लिहिलं म्हणून तर फोटोत आलं."

नातीने दुसरा फोटो उघडला आणि टेबलावर ठेवला. मी एक पाऊल मागे सरकले. हे तिचं होतं. तिने कापलेली ओळ दाखवली, पाय मोजून दाखवले, 0.5 चा पॉइंट दाखवला. सरांनी चष्मा कपाळावर घेतला आणि फोन नाकाला लावला.  मग उठून कपाटातून फाइल काढली.

मूळ कागद बाहेर आला. निळी शाई. 450 m. पॉइंट नाही. खोडलेलाही नाही.

"मग फोटोत आला कुठून?" सर स्वतःशीच म्हणाले.

कागद त्यांनी टेबलावर ठेवला, फोटो काढताना ठेवला होता तसाच, खिडकीजवळ उजेडात. खिडकी उघडी होती. समोरच्या मिलमधून कोंडा उडत होता, नेहमीसारखा. गोंदियात त्याकडे कोण लक्ष देतं? खिडकीच्या चौकटीवर, पंख्याच्या पात्यांवर, सरांच्या खांद्यावर त्याची तांबूस भुकटी बसलेली. आम्ही तिघंही त्या कागदाकडे बघत उभे होतो. एक बारीकसा कण आला, हवेत जरा रेंगाळला आणि 30 s च्या शेजारी टेकला.

"हे बघा," नात म्हणाली. "आता हे '30.' झालं, पॉइंटवालं."

सरांनी फुंकर मारली. कण उडाला. आणखी दोन आले.

आता मला हसू आवरेना. मी भिंतीला धरून हसले. मीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजणारा तो नेमका माणूस, ज्याचं मी ओसरीवर बसून मनोमन कौतुक केलं होतं, तो तांदळाचा कोंडा होता. आणि दुसऱ्या फोटोच्या आधी तो नुसता उडून गेला होता. मी एका कोंड्याच्या कणाला पूर्ण मानाने सार्थ अंक बहाल केला होता.

सर माझ्याकडे बघून आधी गोंधळले, मग तेही हसले. फक्त नात हसत नव्हती. तिने विचारलं, "म्हणजे माझं बरोबर आहे ना, सर?"

"बरोबर आहे."

"गुण?"

"देतो. देतो बाई. जागा पक्की तुझी."

तिने बोटावरून ओढणी सोडवली. मग जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. "आणि बाकीच्यांचे कापू नका. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सोडवलं. फोटोत तर 45.0 च होतं."

"पण सायकल उडवली त्यांनी," मी म्हटलं. "थोडा तरी काप."

"आजी, तूही उडवली."

सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. कपावरही कोंड्याचा पातळ थर होता, तो मी बोटाने बाजूला सारून प्याले. तोपर्यंत त्यांनी ग्रुपवर नवा निरोप टाकला होता. यापुढे प्रत्येक आकडा अंकांत आणि शेजारी अक्षरांत येईल, एकक पूर्ण लिहिलेलं असेल, ज्याला शंका असेल त्याने दोन्ही अर्थ सांगून विचारावं, आणि वेगाचं उत्तर आल्यावर ते खरंच शक्य आहे का ते पाहावं. निरोपाखाली त्यांनी नवा फोटो जोडला. खिडकी बंद करून काढलेला. चारशे पन्नास मीटर. तीस सेकंद. नातीने तो उघडला, मोठा केला आणि काही शोधत राहिली.

"काय बघते?"

"पॉइंट नाही ना, ते."

सोमवारी सकाळी बापाने तिला कबूल केल्याप्रमाणे सायकलवर स्टँडपर्यंत सोडलं. आमच्या गल्लीतून जाताना गोठ्यापाशी, विटेजवळ, त्याने मुद्दाम जोर मारला. वीट अजून तिथेच होती.

मी दिवसभर वाट पाहिली. डाळ निवडायला घेतली, पण सगळी आधीच निवडलेली होती, तरी पुन्हा निवडली. ती आली, दप्तर खुंटीला लावलं आणि थेट माझ्यासमोर बसली.

"सांग," मी म्हटलं.

"पहिल्या बाकावर जागा मिळाली. सरांनी फळ्यावर गणित लिहिलं. बेचाळीसच्या मधात एक पांढरा ठिपका होता. पॉइंट आहे की खडू सांडला, कळत नव्हतं."

"मग?"

"मी हात वर केला. म्हटलं, सर, तो पॉइंट आहे काय?"

"मग?"

"सर वळले, अंगठ्याने ठिपका पुसला आणि म्हणाले, नाही."

ती इतकी खूश होती की चहा प्यायलाही थांबली नाही, उठून शेतात गेली. त्या वेळी वीज होती. पंप खरंच चालू होता.